सीट नंबर अकरा

आमच्या कॉलनीतल्या वाचनकट्ट्यावर नवरात्रात दहा मिनिटांची एक गोष्ट रंगमंचावर वाचायची ठरली. संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं. विषयही आयता होता, कारण चैत्रातल्या वणीच्या प्रवासाचा किस्सा मी सगळ्यांना निदान चारदा सांगून झाले होते : कंडक्टर, हरवलेली ओटीची पिशवी, यात्रेचा दिवस. अट एकच. ‘शेवटी हलकासा बोध असू द्या हं,’ असं मंडळाच्या अध्यक्षबाईंनी जिना उतरता उतरता बजावलं.

लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की ज्या प्रसंगावर टाळ्या पडायच्या, तो मी पाहिलेलाच नाही. कंडक्टरने पिशवी परत दिली तेव्हा मी तिथे नव्हते. मी पाहिली ती फक्त एक रिकामी सीट.

चैत्रातली यात्रा रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत चालते. त्या दिवसांत खासगी गाड्या नांदुरीलाच, म्हणजे गडाच्या पायथ्याशी थांबवतात. तिथून वरचा दहा-एक किलोमीटरचा घाट एसटीनेच चढायचा आणि एसटीनेच उतरायचा. जादा गाड्या वेगवेगळ्या आगारांतून आलेल्या, त्यामुळे ड्रायव्हर-कंडक्टरही कुठले कुठले. आमचा कंडक्टर तिकडचा नव्हताच. घशाला कोरड पडलेली, गळ्यात मशीन, आणि सकाळपासून कितवी फेरी ते त्यालाही आठवत नसावं.

गडावरच्या थांब्यावर गाडी लागली की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. वर आलेले लोक दारातून उतरत असतानाच खाली जाणारे खिडक्यांतून जागा धरायला लागतात. रुमाल, टोपी, पाण्याची बाटली, कधी एखादं सबंध लेकरू. आपल्याकडे खिडकीतून आत टाकलेल्या रुमालाला सातबाऱ्याची किंमत आहे. त्यावर कोणी बसलं तर भांडण होतं, आणि भांडणात सगळी गाडी रुमालाच्या बाजूने असते.

आम्ही आत शिरलो तेव्हा अकरा नंबरच्या सीटवर एक कापडी पिशवी होती. साडीच्या दुकानात मिळते तसली, लाल बंदांची, फुगलेली. वरून नारळाची शेंडी डोकावत होती आणि हिरव्या खणाचं टोक बाहेर आलं होतं. आईला मागे जागा मिळाली. मी त्या पिशवीशेजारी उभी राहिले. शेजारच्या सीटवरच्या बाईंना विचारलं, ‘कोणाची हो ही?’ त्या म्हणाल्या, ‘येतच असतील. जागा धरलीय कोणीतरी.’

टणटण झाली, गाडी सुटली. कोणी आलं नाही. पहिल्या वळणावर एक आजोबा पिशवीकडे पाहून म्हणाले, ‘मांडीवर घ्या ना कोणीतरी, माणूस बसेल.’ घेणार कोण? साधी भाजीची पिशवी असती तर एव्हाना सीटखाली गेली असती. पण ओटी सीटखाली, म्हणजे पायाशी, ठेवायची कशी? दुसऱ्याची ओटी न विचारता उचलायची कशी? शिवाय पुढे पाटी होतीच : बेवारस वस्तूला हात लावू नका. श्रद्धा आणि सुरक्षा या दोन खात्यांचं असं एकमत मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. खचाखच भरलेल्या गाडीत, वळणावळणाला एकमेकांवर रेलत, आम्ही तीसेक माणसं उभी होतो आणि पिशवी ऐसपैस बसली होती. मागून एक पोरगा म्हणाला, ‘देवीच चाललीय खाली. हाफ तिकीट फाडा, मास्तर.’ सगळे हसले. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून हा विनोद एसटीत कुठेही बसतो.

मास्तर मात्र हसला नाही. तिकिटं काढत तो आमच्यापर्यंत आला, पिशवीकडे पाहिलं, ‘ही जागा कोणाची?’ म्हणून दोनदा मोठ्याने विचारलं. उत्तर नाही. मग एक सरळ वाक्य बोलला, आणि त्या वाक्यासाठी मी गोष्ट लिहायला तयार झाले होते : ‘खाली जाणाऱ्या गाडीत भरलेली ओटी कशाला असंल?’

आम्ही सगळे दर्शन करून उतरत होतो. आमच्याही पिशव्या होत्या, पण त्यांत फोडलेल्या नारळाची भकलं, पेढ्यांचा पुडा, प्रसादाचे कुरमुरे. ओट्या वर देवीच्या पायाशी गेलेल्या. गडावरच्या देवीचं सगळंच मोठं : अठरा हातांची उभी मूर्ती, तिला साडी लागते अकरा वार आणि चोळीला तीन खण. ही पिशवी तेवढीच फुगलेली होती. म्हणजे ती जागा धरायला टाकलेली नव्हतीच. ती आधीच्या फेरीत वर आली होती आणि उतरायची राहिली होती. गडावर गाडी थांबल्यावर कंडक्टर एकदा सीटांवर नजर टाकतो, पण लोक खिडक्यांतून आत येत असताना टाकलेलं काय आणि राहिलेलं काय, हे कळणार कसं? अर्धा तास आम्ही ज्या बाईची वाट पाहत होतो, ती वर, पायऱ्यांच्या तोंडाशी, मोकळ्या हातांनी उभी होती.

तो वाकला. पिशवीखाली सीटवर दोन-चार दाणे सांडले होते, ते चिमटीत घेऊन पाहिले आणि खिशात टाकले. काही बोलला नाही. मग पायातली चप्पल एका बाजूला सारून दोन्ही हातांनी पिशवी उचलली आणि पुढे ड्रायव्हरच्या मागच्या फळीवर नेऊन ठेवली. सीट मोकळी झाली. तरी पुढच्या वळणापर्यंत कोणी बसलं नाही. शेवटी आजोबा बसले, तेही कडेला.

नांदुरीला आई थकली म्हणून आम्ही मांडवात बसलो. गाडीत सापडलेली वस्तू वाहतूक नियंत्रकाकडे जमा करायची, नोंद करायची, हा नियम. कंडक्टर पिशवी घेऊन नियंत्रकाच्या टेबलापाशी गेला, तिथे दोघांचं काहीतरी बोलणं झालं, वहीत लिहिलं गेलं, आणि पिशवी पुन्हा त्याच्याच हातात दिसली. कारण उघड होतं. पिशवी खाली जमा झाली असती तर कागदोपत्री सगळं चोख झालं असतं, फक्त ओटी खाली आणि बाई वर. ती बाई इकडे खाली शोधायला आली असती तर रांगेतला नंबर गेला असता, दिवसही गेला असता.

दीड-दोन तासांनी तीच गाडी परत आली. नाशिकच्या गाडीची वाट पाहत मी चहाच्या टपरीपाशी उभी होते, तोही तिथेच आला. पुढचं सगळं मला त्याने कटिंग संपेपर्यंत सांगितलं. माझ्या संहितेतला टाळ्यांचा प्रसंग तो एवढाच.

वर त्याने लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं, की एसटीत पिशवी सापडलीय एवढंच बोल, आत काय आहे ते बोलू नको. दोन बायका आल्या. दोघींना वेगवेगळं विचारलं. दोघींनी सांगितलं : साडी, तीन खण, नारळ, हळदीकुंकू, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, हिरव्या बांगड्या. शब्दाला शब्द. ‘ओटीच ती,’ तो मला म्हणाला, ‘यादी देवीची. बाईमागं बदलते थोडीच?’ साडीचा रंग विचारला, तर दोघींची हिरवी.

मग त्याने विचारलं, धान्य काय घातलंय. एक म्हणाली तांदूळ. दुसरी म्हणाली गहू.

कुठे ओटी तांदळाने भरतात, कुठे गव्हाने. जिकडे जे पिकतं ते. सीटवरून उचललेले दाणे त्याच्या खिशात होते. गहूवाली धुळ्याकडची निघाली. पिशवी हातात घेताच ती मटकन खाली बसली. ओटी तिची नव्हतीच. शेजारणीचा पाय प्लास्टरमध्ये, तिने नवस बोललेला, म्हणून तिची ओटी ही घेऊन आली होती. ‘माझी असती तर मी वर दुसरी घेतली असती, भाऊ,’ असं ती म्हणाली म्हणे, ‘पण तिच्या वावरातला गहू कुठून आणू?’

मी विचारलं, ‘आणि ती तांदूळवाली?’

त्याने ग्लास ठेवला. ‘तिचीबी हरवलीच होती ना. खोटं कुठं बोलली ती? तिचंच वाईट वाटलं.’ मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘एक फेरी मात्र सीट फुकट गेली बघा. चार म्हाताऱ्या उभ्या होत्या, आधीच उचलायला पाहिजे होती.’ आणि गेला. त्याच्या लेखी चूक झाली होती ती ही.

संहितेचं पहिलं वाचन झालं तेव्हा अध्यक्षबाईंचं म्हणणं पडलं, की तांदूळवालीला लबाड दाखवावं. म्हणजे कंडक्टरची हुशारी उठून दिसेल आणि बोध आपोआप येईल. सूचना नाटकाच्या दृष्टीने वाईट नव्हती, मी एक रात्र लिहूनही पाहिलं. पण ती बाई संवादातून लबाड होईना. तीच साडी, तेच तीन खण, तोच जीव टांगणीला. लबाड करायचं म्हणजे तिच्या तोंडी यादी चुकीची घालायची, आणि ओटीची यादी कोणती बाई चुकेल? शेवटी मी तिला एकच वाक्य जास्त दिलं. गहूवालीची पिशवी मिळाल्यावर ती विचारते, ‘मग माझी कुठल्या गाडीत असंल, दादा?’ कंडक्टर पुढच्या गाडीकडे हात करतो आणि दोघं चालायला लागतात. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘हे तर अर्धवटच राहिलं.’ मी म्हटलं, राहू द्या. बोधाचं पान तसंच कोरं ठेवून संहितेच्या झेरॉक्स वाटल्या.

तालमीला खरी ओटी कुठून आणणार, म्हणून मी घरातली एक कापडी पिशवी घेतली, तिच्यात रद्दी कोंबली, वर बाजारातून आणलेला नारळ आणि एक जुना खण ठेवला. पिशवी मधल्या खुर्चीवर ठेवून आम्ही तालीम केली. मग चहा आला. वरच्या मजल्यावरचे लोकही आले, सभागृहातल्या खुर्च्या कमी पडल्या. दोघं खिडकीच्या कट्ट्यावर टेकले, तिघं उभ्याने चहा प्यायले, अध्यक्षबाई एका पोराच्या अर्ध्या खुर्चीवर बसल्या.

मधली खुर्ची, आतली रद्दी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरलेली असूनही, चहा संपेपर्यंत तशीच होती.