ट्रेसराउटच्या दुसऱ्या ओळीतले तारे

या टप्प्याची मांडणी अशी आहे. घरी फायबर आणि मुख्य राउटर, पत्ता `192.168.10.1`. खाडीपलीकडे कलमांच्या बागेतल्या मांगरात दुसरा राउटर, त्याची बाहेरची बाजू `192.168.10.2` आणि आतली `192.168.20.1`. मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या दोन रेडिओंचा ब्रिज. बागेतल्या राउटरवर नॅट मुद्दाम बंद ठेवलं आहे, कारण मांगरातला कॅमेरा घरून त्याच्या स्वतःच्या पत्त्यावर दिसायला हवा.

मांगरातल्या लॅपटॉपवरून (`192.168.20.15`) इंटरनेट चालेना. तेव्हाचा निकाल:

```
$ traceroute -n 9.9.9.9
 1  192.168.20.1  1.1 ms  0.9 ms  0.9 ms
 2  * * *
 3  * * *
```

हे बघून पहिला संशय रेडिओंवर जातो. पावसात ओली पानं आड आली असतील, भरतीच्या पाण्यावरून लहरी परावर्तित होत असतील, अशी कारणं खाडीकाठी लगेच सुचतात. पण डिश हलवायला माडावर चढण्याआधी तारा म्हणजे काय ते नीट बघावं. ट्रेसराउट पहिलं पॅकेट टीटीएल १ ठेवून पाठवतं, मग २, मग ३. वाटेतला प्रत्येक राउटर हा आकडा एकाने कमी करतो, आणि ज्या राउटरपाशी तो संपतो तो राउटर ‘वेळ संपली’ असा निरोप उलट पाठवतो. तारा एवढंच सांगतो की तो निरोप आपल्यापर्यंत आला नाही. पॅकेट जाताना हरवलं की निरोप येताना, हे ताऱ्यावरून कळत नाही.

रेडिओ खरंच तुटला असता तर खूण वेगळी दिसली असती. ब्रिज टीटीएल कमी करत नाही, म्हणून दोन्ही रेडिओ या यादीत कधीच येत नाहीत. पण ब्रिज बंद असला की बागेतल्या राउटरला `192.168.10.1` चा मॅक पत्ता मिळत नाही, आणि राउटर लिनक्सवर चालणारा असेल तर तीनेक सेकंदांनी तो स्वतःच तक्रार करतो:

```
From 192.168.20.1 icmp_seq=1 Destination Host Unreachable
```

ट्रेसराउटमध्ये हेच `!H` म्हणून दिसतं. इथे ते नव्हतं, नुसती शांतता होती. म्हणजे पॅकेट राउटरच्या हातून पुढे गेलं होतं.

खात्रीसाठी बागेतल्या राउटरवर लॉगिन करून एकाच ठिकाणाला दोन वेगळ्या उगमांवरून पिंग केलं:

```
ping -c 5 192.168.10.1
ping -c 5 -I 192.168.20.1 192.168.10.1
```

पहिल्याला पाचही उत्तरं आली, दुसऱ्याला एकही नाही. तार, रेडिओ, राउटर सगळं तेच, बदलला तो फक्त उगमाचा पत्ता. त्यामुळे दोष परतीच्या वाटेत असणार हे जवळजवळ नक्की झालं. घरच्या राउटरला `192.168.20.0/24` कुठे आहे हे माहीत नव्हतं, म्हणून तो उत्तरं डिफॉल्ट रूटने फायबरकडे ढकलत होता आणि ती तिकडेच नाहीशी होत होती. उपाय घरच्या राउटरवर:

```
ip route add 192.168.20.0/24 via 192.168.10.2
```

हा आदेश राउटर रीस्टार्ट झाला की पुसला जातो. कोकणात वीज दिवसातून कितीदा जाते ते वेगळं सांगायला नको, तेव्हा हाच रूट सेटिंगमधल्या स्टॅटिक रूटच्या पानावरही भरून ठेवावा.

यानंतर दुसऱ्या ओळीत `192.168.10.1` आला, पण तिसरीपासून पुन्हा तारे. इंटरनेट अजून बंदच होतं, तरी तारे एक ओळ खाली सरकले ही खरी प्रगती. आता घरच्या राउटरच्या फायबरकडच्या बाजूला कान लावला आणि मांगरातून पिंग सुरू ठेवलं:

```
tcpdump -ni eth1 icmp
IP 192.168.20.15 > 9.9.9.9: ICMP echo request
```

इथे उगमाचा पत्ता राउटरचा बाहेरचा पत्ता दिसायला हवा होता. खासगी पत्ता तसाच बाहेर पडत होता, कारण नॅटचा नियम फक्त `192.168.10.0/24` पुरता लिहिलेला होता. अशा पत्त्यावर बाहेरून उत्तर परत येऊच शकत नाही. नियमात `192.168.20.0/24` जोडल्यावर:

```
 1  192.168.20.1  1.0 ms
 2  192.168.10.1  3.2 ms
 3  100.64.0.1  6.8 ms
 4  * * *
 5  9.9.9.9  24.1 ms
```

(पहिल्या तीन आणि शेवटच्या ओळीतली एकेकच वेळ ठेवली आहे.) चौथ्या ओळीतले तारे मात्र तसेच राहू द्यावेत. पाचवा हॉप उत्तर देतो म्हणजे पॅकेट चौथ्यातून पार झालं आहे. तो राउटर फक्त निरोप पाठवत नाही. तिसऱ्या ओळीतला `100.64` चा पत्ता सेवादात्याच्या सामायिक नॅटचा असतो, त्यामुळे बाहेरून मांगरातला कॅमेरा थेट उघडणार नाही. त्यासाठी टनेल लागेल, आणि पुढचं काम तेच आहे.