आधी तिला, मग मला

"तिला कालच सांगितलं मी." मेथी निवडता निवडता नवरा सहज म्हणाला. ती म्हणजे त्याची कॉलेजची मैत्रीण. बातमी त्याचं प्रमोशन हुकल्याची. मला आज कळली.

हातातली जुडी तशीच राहिली.

खुपतंय काय नक्की? फोन टेबलावर उघडाच असतो. तिचं नाव तो स्वतःहून घेतो. मी आले की बोलणं तोडत नाही. लपवाछपवी असती तर गोष्ट वेगळी. पण हेच त्याने मित्राला सांगितलं असतं तर? लागलं असतंच, फक्त रात्रभर डोक्यात फिरलं नसतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"काल दोनदा सुरुवात केली. तू 'हं हं' करत रील बघत होतीस."

आता सांगा, राग कोणावर काढू?