भाऊ खराब की गाडी?

आज एका इराणी पोराचे फारसी चॅट इंग्रजीत करून देत होते, त्यात एक मेसेज आला, "माशीने दादाशम खराबे".

मी वाचलं, गाडीच आहे, माझा भाऊ पार खचलाय. टाईपही करून टाकलं. आणि पुढचा मेसेज बघते तर मेकॅनिकचा नंबर 😅

घोळ 'माशीने'च्या शेवटच्या 'ह' चा, कारण शब्दाच्या शेवटी ऐकू येणारा 'ए' फारसी लिपीत 'ह' या अक्षराने दाखवतात. 'माशीने दादाशम' म्हणजे भावाची गाडी, तो मधला 'ए' आपल्या 'चा-ची' सारखा, आणि नियमाने तो लिहितच नाहीत, फार तर खाली बारकी रेघ. पण चॅटवर पोरं ऐकू येतं तसं 'ह' ठोकून देतात, आणि बोलण्यातल्या 'आहे'लाही तोच 'ह', शिवाय 'ती गाडी' म्हणायलाही तोच.

मग मी 'ह' च्या जागी पूर्ण 'अस्त' म्हणजे 'आहे' घालून बघते. 'खराब अस्त' बसतं, 'माशीन अस्त दादाशम' इथे बसत नाही, म्हणजे तो 'ची' वाला.

गंमत म्हणजे 'खराब' आपल्याकडे फारसीतूनच आला आणि आपणही घाईत 'गाडी खराबे' असंच म्हणतो की! इंग्रजीत मात्र माय ब्रदर्स कार इज ब्रोकन, एवढंच सपाट उरतं. तो ऐकून लिहिलेला 'ह' इंग्रजीत दाखवायचा तरी कसा?