तिथीची पाऊणपट

दुपारी वामकुक्षीच्या ऐन वेळेला भाच्याचा फोन आला. "मामा, भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गर्दी असते का रे?" त्या प्रश्नातून मुलगी बाहेर यायला पाच मिनिटं लागली. दोघांच्या घरच्यांनी नंबर दिलेत, चार वेळा मेसेज झालेत, आणि आता येत्या शनिवारी साडेपाचला भेटायचं आहे. हा लाजाळू, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याहून.

मी आधी बोटं मोजली. शनिवारी अष्टमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती भरलेली. साडेपाचला जाऊन करणार काय? पाणी सुरूच्या झाडांकडे चढलेलं, उरलेल्या पट्ट्यात पाय रुतवणारी कोरडी वाळू. चार पावलं टाकून दोघं कुठेतरी टेकणार, आणि एकदा टेकलं की संपलं. मग "बाकी काय?" सुरू होतं.

टेबलाचा मला जुना राग आहे. माझी आणि हिची पहिली भेट एका हॉटेलात समोरासमोर बसून झाली. पाऊण तास. वेटर दोनदा विचारून गेला, तेवढंच काय ते संभाषण. समोर माणूस असलं की डोळे कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. मी ते पूर्ण वेळ मीठदाणीवर ठेवले होते. हिला अजूनही वाटतं की मला तेव्हा जेवण आळणी लागलं होतं.

चालताना ते होत नाही. दोघांचेही डोळे पुढे, मधल्या गप्पपणाला समुद्राची गाज आहे. शिवाय चपला हातात घेतल्या की हातांचं काय करायचं हेही सुटतं. पण त्यासाठी ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा हवा, आणि तो ओहोटीलाच मिळतो.

हा पाऊणपटीचा हिशोब मला आजोबांनी शिकवला. पुळणीवर जायचं म्हटलं की ते आधी विचारत, "आज तिथी कोणती?" मी पंचमी म्हणालो की म्हणत, "पाच पाऊणे?" पावणेचारचं उत्तर येईपर्यंत पायरी उतरायची नाही. पावणेचारला भरती, त्यावर सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी पूर्ण. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढं समुद्राला माफ. पाऊणकीचा पाढा मला शाळेपेक्षा समुद्रानेच जास्त पाठ करून घेतला.

भाच्याला म्हटलं, शनिवार सोड, पुढचा शुक्रवार धर. चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे पावणेपाचच्या सुमाराला पूर्ण सुकती. पौर्णिमा तोंडावर, म्हणून उधाणाचे दिवस. भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी लांब जाते. शुक्रवारी पर्यटकही कमी. साडेचारला पुलाच्या बाजूने सुरू करा, पण खाडीच्या तोंडाकडे वळू नका, तिथे ओढ असते. पाणी डावीकडे... नाही, उजवीकडे ठेवून झरी विनायकापर्यंत जा. दीडेक किलोमीटर. तिथे आपोआप वळायचं ठिकाण येतं, कोणाला "निघूया का?" म्हणावं लागत नाही. जमलं नाही तर पावसकडून येणारी एसटी आहे, रिक्षा आहेत. तिची ती जाऊ शकते, "सोडू का?"चा घोळ नको. जमलं तर परतीची वाट आहेच, आणि सूर्य बुडायला अजून वेळ आहे.

"आणि बोलायचं काय?"

"वाळूत बघा. ओहोटीला बारीक कुर्ल्या बिळातून वर येतात आणि वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून रांगोळी घालतात. पाय दिला तर मोडते."

"हे बोलायचं?"

"बोलू नको. वळसा घालून चाल."

शुक्रवारी रात्री आठपर्यंत फोन नाही. साडेआठला मीच केला. म्हणाला, बरं झालं. काय बोललात? फारसं नाही. मग? त्या गोळ्यांवरून वाद झाला. याचं म्हणणं कुर्ल्या वाळू खातात. ती म्हणाली, वाळू नाही खात, तिच्यातलं खाणं चाटूनपुसून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. तिच्या आजोळी, देवगडला, तिने तासन्‌तास बसून बघितलंय. मग दोघं उकिडवे बसून कुर्ली वर यायची वाट बघत राहिले. सावली हलली की ती आत. म्हणून हलायचं नाही, बोलायचं तर नाहीच. असं किती वेळ? "बराच," म्हणाला.

झरी विनायकापर्यंत पोचलेच नाहीत.

फोन ठेवता ठेवता विचारतो, "मामा, अमावास्या पण पंधराच धरायची ना? तीस नाही?"

पंधराच, म्हटलं. सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास सुकती. फक्त तुझ्या आईला तिथी सांगू नको.