बायबॅकमध्ये हातात पैसे आले, तरी कागदावर तोटा

"सर, कंपनीनं माझे पन्नास शेअर जास्त भाव देऊन परत घेतले. मला चाळीस हजारांचा फायदा झालाय, आणि तुम्ही तोटा दाखवा म्हणता. हे कसं?" (खानापूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाई)

बाई, आधी बायबॅकची तारीख पाहावी लागते. २०२५-२६ या आर्थिक वर्षातला तुमचा बायबॅक १ ऑक्टोबर २०२४ ते ३१ मार्च २०२६ या काळात लागू असलेल्या नियमाखाली येतो. त्याआधी बायबॅकवरचा कर कंपनी भरत असे आणि भागधारकाच्या हातात आलेली रक्कम करमुक्त असे. नव्या नियमाने कंपनीवरचा तो कर गेला आणि मिळालेली सगळी रक्कम भागधारकाचा लाभांश ठरली. सगळी म्हणजे सगळी. तुमची मूळ खरेदी किंमत त्यातून वजा होत नाही.

मग खरेदीच्या पैशांचे काय, तर ते भांडवली नफ्याच्या खात्यात जातात. तिथे विक्रीची किंमत शून्य धरायची असे कायदाच सांगतो, आणि शून्यातून खरेदी किंमत वजा केली की उरतो तो निव्वळ तोटा. म्हणजे या पद्धतीत बायबॅकवर भांडवली नफा कधी निघतच नाही, फक्त तोटा किती आणि कोणत्या प्रकारचा एवढेच काढायचे असते.

तुम्ही आणलेल्या डीमॅट उताऱ्यावर दोन नोंदी होत्या: जून २०२१ मध्ये ९०० रुपयांनी घेतलेले ४० शेअर आणि जानेवारी २०२५ मध्ये १,४०० रुपयांनी घेतलेले ६०. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने त्यातले ५० शेअर १,८०० रुपयांनी घेतले. डीमॅटमध्ये जे आधी आले ते आधी गेले असे धरतात, म्हणून जुने ४० पूर्ण गेले आणि नव्यांतले १० गेले. जुन्यांची किंमत ३६,००० रुपये, हा दीर्घकालीन तोटा. नव्या दहांची १४,००० रुपये. ते बारा महिन्यांच्या आत गेले, म्हणून हा अल्पकालीन तोटा. उरलेल्या ५० शेअरांची किंमत पूर्वीसारखीच १,४०० रुपये राहते. तिला हात लावायचा नाही.

दुसरीकडे ९०,००० रुपये 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' या सदरात लाभांश म्हणून येतात. कंपनीने त्यावर १० टक्के, म्हणजे ९,००० रुपये, टीडीएस कापला, म्हणून बँकेत ८१,००० च जमा झाले. विवरणपत्रात मात्र ९०,००० लिहायचे. बँकेचे पासबुक समोर ठेवून आकडे भरणारे इथे हमखास चुकतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे नेहमीच्या विक्रीसारखे ९०,००० वजा ५०,००० करून ४०,००० नफा दाखवणे. प्राप्तिकर खात्याच्या एआयएसमध्ये आणि २६एएसमध्ये तीच रक्कम लाभांश म्हणून आलेली असते, त्यामुळे मेळ बसत नाही आणि नोटीस येते. दलालाने पाठवलेल्या नफा-तोटा पत्रकावर विसंबू नका. या दोन उताऱ्यांत रक्कम कोणत्या नावाने आली आहे ते आधी पाहा.

तुमचे पेन्शन आणि हा लाभांश मिळून बारा लाखांच्या बरेच आत आहे, म्हणून नव्या करप्रणालीत सवलतीमुळे कर शून्य होतो आणि ९,००० परत मिळतात. शिवाय ५०,००० चा तोटा शिल्लक राहतो. तो आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच, आणि तेही आयटीआर-२ मध्ये; दरवर्षीचा आयटीआर-१ इथे चालत नाही. दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वळता होतो, अल्पकालीन दोन्हींतून. खानापूरचा प्लॉट विकायचा विचार तुम्ही बोलून दाखवला होता. त्यावर दीर्घकालीन नफा झाला आणि १२.५ टक्क्यांनी कर बसला, तर हे ५०,००० तिथे ६,२५० रुपये आणि वर सेस वाचवतील.

निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याला मात्र मी वेगळे सांगेन. तो तीस टक्क्यांच्या पट्टीत असला तर याच ९०,००० वर सेससह २८,०८० रुपये कर लागतो आणि हातातला खरा नफा चाळीस हजारांचाच असतो. त्याने तेच शेअर बाजारात १,७५० रुपयांनी विकले असते, तर जुन्या ४० वरचा ३४,००० चा नफा, त्या वर्षी दुसरा तसा नफा नसल्यास, सव्वा लाखाच्या सवलतीत बसला असता आणि नव्या दहांवरच्या ३,५०० वर सेससह ७२८ रुपये लागले असते. पुढे नेलेला तोटा त्याला शेअरांच्या नफ्यावर आजच्या दरांनी फार तर ७,३०० रुपये आणि सेस एवढाच वाचवून देईल. त्यामुळे पन्नास रुपये जास्त भाव पाहून अर्ज भरण्याआधी त्याने आपली पट्टी पाहायला हवी होती.