अंबडला कॉम्प्रेसरची नंबर प्लेट वाचायला दोन चकरा: जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

"दोन मिनिटाचं काम आहे, फोटो काढून आणा" असं स्पेअरवाल्याने सांगितलं होतं. त्या दोन मिनिटांच्या कामासाठी मी निफाडहून दोनदा नाशिकला आलो आणि एक किट वाया घालवून बसलोय, म्हणून हे सविस्तर लिहितोय. टॉर्च, पान्हे, फडकं तुमच्याकडे असणारच, ते सांगत नाही.

मशीन म्हणजे पाच एचपीचा जुना कॉम्प्रेसर, अंबड एमआयडीसीतल्या एका गोडाऊनमध्ये. सौदा झालेला, फक्त व्हॉल्व्हचं गॅस्केट किट टाकून उचलायचा होता. किट सिरीयल नंबरवर मिळतं कारण त्याच मॉडेलच्या जुन्या आणि नव्या हेडला बोल्टची भोकं वेगळी आहेत.

सीबीएसवरून रिक्षा केली, दोनशे ऐंशी घेतले, परत येताना दुसऱ्याने एकशे साठात आणलं. म्हणजे आधी भाव ठरवूनच बसा. गोडाऊनमध्ये मशीन भिंतीला चिकटलेलं, ते फूटभर सरकवायचे दोनशे रुपये मागितले आणि मी दिले, ते अजून डोक्यातून जात नाही. प्लेट कुठल्या बाजूला आहे ते फोनवर विचारून घ्या आणि मशीन आधीच सरकवून ठेवायला सांगा.

आता खरी अडचण. प्लेट अॅल्युमिनियमची, रिबिट मारलेली, नंबर पंचने ठोकलेला म्हणजे खोल गेलेला. दुपारचे चार वाजलेले, शटर पश्चिमेला, ऊन डाव्या बाजूने आडवं येत होतं. फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा डाग, काहीच दिसेना. फ्लॅश बंद करून काढला तर आकडे एकदम ठसठशीत आले, 20317. मी खूश. सातपूरला जाऊन किट घेतलं, दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने बसवायला घेतलं तर भोकं जुळेनात. खरा नंबर 28317 होता, आणि फोडलेलं पाकीट दुकानदार परत घेत नाही.

असं का झालं ते नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच आहे. खोदलेली रेघ आपल्याला दिसते ती तिच्या कडेला पडणाऱ्या सावलीमुळे. उजेड डावीकडून आला की उभ्या रेघांना सावली पडते, पण आडव्या रेघा उजेडाच्याच दिशेने असतात, त्यांना सावली पडत नाही आणि त्या गायब होतात. 8 च्या मधली आडवी पट्टी गेली की उरतो 0. 7 ची वरची रेघ गेली की तो तिरका 1 वाटतो. उजेड वरून आला तर उलटं, उभ्या रेघा पुसट होतात. म्हणून एका बाजूच्या उजेडातला फोटो कितीही स्वच्छ दिसला तरी त्यावर किट घेऊ नका.

आणि हे मला त्याच फोटोत कळायला हवं होतं. एचपीच्या रकान्यात त्याच पंचने 5 ठोकलाय, तो पाचच आहे हे मला माहीत होतं, पण फोटोत त्याची वरची आडवी रेघ नव्हतीच! जो आकडा आधीच माहीत आहे तो पूर्ण दिसतोय का ते आधी बघा, तो अर्धवट असेल तर शेजारचा सिरीयलही अर्धवट आहे असंच धरा.

दुसऱ्या चकरेला पुठ्ठा घेऊन गेलो. शटरकडचा उजेड पुठ्ठ्याने अडवला आणि दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च प्लेटपासून वीतभर लांब, उजेड प्लेटला जवळजवळ घासून जाईल इतका आडवा धरला. आधी वरून, मग डावीकडून, मग कोपऱ्यातून तिरका. फोन मात्र एकाच जागी ठेवा. चमक येत असेल तर फोन थोडा तिरका करा, स्क्रीनवर प्लेटला टच करून ब्राइटनेस खाली ओढा. टॉर्च वरून येताच आठाची मधली पट्टी उठून आली, दिसली म्हणजे अगदी लख्ख दिसली, मी ओरडलोच "अहो शेठ, आठ आहे हा!"

तरी खात्रीला पातळ कागद प्लेटवर दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून हलकी घासली. खोदलेले आकडे कागदावर पांढरे राहतात, उठावाचे असतील तर काळे येतात. यात उजेडाचा संबंधच नाही, म्हणून माझ्या मते हा पुरावा फोटोपेक्षा पक्का. पण प्लेटवर रंगाचा जाड थर असेल किंवा आकडेच झिजले असतील तर कागदावरही काही येत नाही.

तेलकट प्लेट आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग रॉकेलचा हलका हात, जोरात घासलं तर छापलेली अक्षरं निघतात. गोडाऊनमधला पोऱ्या पॉलिश पेपर घेऊन आला होता, त्याला हात लावू दिला नाही. उथळ ठोकलेला आकडा पॉलिश पेपरने कायमचा जातो.

सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा त्या शटरमधून ऊन येत नाही, आणि स्पेअरच्या दुकानात फोटोसोबत तो पेन्सिलचा कागदही दाखवा.