पॅप नॉर्मल, तरी बोलावलं

“मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आलाय की! मग परत का बोलावलंत?” कळव्याहून ठाण्याला माझ्या ओपीडीत आलेल्या त्या बाईंनी मोबाइल पुढे केला. वय ४४, तक्रार काहीच नाही. मैत्रिणीने आग्रह केला म्हणून तपासणी करून घेतलेली.

पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, खरंच नॉर्मल होता. पण त्याच नमुन्यावर केलेली एचपीव्ही या विषाणूची चाचणी पॉझिटिव्ह होती, तीही १६ नंबरच्या प्रकारासाठी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक सापडणारा प्रकार हाच. १६ आणि १८ मिळून साधारण सत्तर टक्के कॅन्सरना जबाबदार असतात. म्हणून १६ आला, तर पॅप नॉर्मल असला तरी आम्ही थेट कोल्पोस्कोपी करतो, म्हणजे गर्भाशयमुख दुर्बिणीतून मोठं करून बघतो.

पॅपच्या रिपोर्टमध्ये खाली एक ओळ होती : ‘एंडोसर्व्हायकल पेशी दिसल्या नाहीत.’ म्हणजे मी फिरवलेला ब्रश आतल्या भागापर्यंत नीट पोचलाच नव्हता. बिघाड सुरू होतो तो बाहेरच्या आणि आतल्या पेशींच्या सीमेवर, आणि वय वाढतं तशी ही सीमा आत सरकत जाते. पॅपमध्ये हाती आलेल्याच पेशी दिसतात. एचपीव्ही चाचणी विषाणूचा डीएनए शोधते, त्यामुळे बिघडलेली पेशी काचेवर आली नाही तरी ती इशारा देऊ शकते.

बाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “हे नवऱ्याकडून आलं का? आत्ता?” या प्रश्नाने घरं मोडलेली मी पाहिली आहेत. मी खुर्ची जवळ ओढली आणि सांगितलं, “ताई, हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हटवतं. तुमच्याकडे तो टिकून तर राहिला नाही ना, ते बघायचंय.”

कोल्पोस्कोपीत गर्भाशयमुखावर अॅसिटिक अॅसिड लावलं. मिनिटभरात आतल्या कडेला दाट पांढरा चट्टा उमटला. आतली कड दिसते की नाही याची धाकधूक होती, पण ती पूर्ण दिसली. तिथलाच तुकडा बायोप्सीला पाठवला.

रिपोर्ट आला, सीआयएन ३. वरच्या थराची पूर्ण जाडी बिघडलेली, पण त्याखालचा पडदा शाबूत. तो पडदा ओलांडला की त्याला कॅन्सर म्हणतात. यातल्या सगळ्यांना पुढे कॅन्सर होतो असं नाही आणि तो व्हायला बहुधा अनेक वर्षं लागतात. पण कुणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून तो भाग काढायचाच.

जागा बधिर करून विजेच्या तारेच्या लूपने तो भाग काढला, आणि संध्याकाळी त्या घरी गेल्या. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, कॅन्सर कुठेच नव्हता.

सहा महिन्यांनी एचपीव्ही निगेटिव्ह आली. “आता सुटले ना?” त्यांनी विचारलं. मी फाइलवर पुढच्या वर्षीची तारीख लिहिली. अशा बाईला धोका बराच काळ राहतो, त्यामुळे तपासण्या निदान पंचवीस वर्षं चालू ठेवायच्या. त्यांनी बोटांवर हिशेब केला. “म्हणजे सत्तरीपर्यंत?” म्हणाल्या, आणि तारीख मोबाइलमध्ये टाकून घेतली.